डी-डायमर 610, लाल अक्षरात. तरी डॉक्टर म्हणतात सीटी नको!

कृष्णाकाठ
माझी आत्या, वय 67, सांगलीला असते. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. मागच्या आठवड्यात गावातल्या मंडळींबरोबर बसने तिरुपती करून आली. आल्यानंतर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मोठा श्वास घेतला की कळ येते, जिना चढला की धाप लागते. ताप नाही. कोरडा खोकला थोडासा. पायाला सूज नाही.

फिजिशियननी नीट तपासलं. नाडी जलद आहे एवढंच, ईसीजी ठीक, एक्स-रे ठीक. म्हणाले, फुफ्फुसात गुठळी असण्याची शंका पुसटशी आहे, स्कोर दीड येतो, खात्रीसाठी रक्ताचा डी-डायमर करू. संध्याकाळी लॅबमधून फोन आला, 610, आणि रिपोर्टवर तो आकडा लाल आहे म्हणाले. मी लगेच डॉक्टरांना फोनवर आकडा सांगितला. ते म्हणाले, "वयाच्या मानाने चालेल, सीटी नको."

लाल आकडा 'चालेल' कसा? आतेभाऊ म्हणतो उगाच घाबरू नकोस, आत्याला तर सीटी नकोच आहे. इथे वैद्यकीय मंडळी आहेत म्हणून विचारतो.

रानमेवा
काळजी करू नकोस रे. डॉक्टर बरोबर आहेत. 500 ही मर्यादा तरुणांसाठी. पन्नाशी उलटली की वयाला 10 ने गुणायचं. 67 गुणिले 10 म्हणजे 670. आत्याचा 610, म्हणजे आतच. 2014 साली यावर मोठा अभ्यास झाला, अ‍ॅडजस्ट-पीई नावाचा, तेव्हापासून हे रूढ आहे. लॅबचं सॉफ्टवेअर वय बघत नाही, सरसकट लाल करतं. धागा बंद करायला हरकत नाही.

आगाऊ
लॅबचं सॉफ्टवेअर आमच्या सासूबाईंसारखं आहे. सगळंच लाल.

मधुमालती
डी-डायमर म्हणजे तोच ना, कोविडमध्ये रोज करायला लावायचे? आमच्या ह्यांचा 2021 मध्ये 1800 होता, गुठळी बिठळी काही निघाली नाही. मला विचाराल तर ही टेस्टच भोंगळ आहे.

नाडी_आणि_घड्याळ
मी एमडी मेडिसिन, अतिदक्षता विभागात काम करतो. मधुमालतीताई, टेस्ट भोंगळ नाही, पण तिच्याकडून काय अपेक्षा करायची ते ठरलेलं आहे. शरीरात कुठेही फायब्रिन तयार होऊन विरघळू लागलं की डी-डायमर वाढतो. न्यूमोनिया, कोविड, ऑपरेशन, गरोदरपण, कर्करोग, नुसतं वय, काहीही चालतं. म्हणून वाढलेल्या आकड्यावरून 'गुठळी आहे' असं कधीच म्हणता येत नाही. कमी आला तर मात्र 'गुठळी नाही' असं म्हणता येतं, आणि तेही पेशंटकडे बघून शंका मुळात कमी असेल तरच. शंका दाट असेल तर डी-डायमर करायचाच नाही, थेट सीटी.

आता कृष्णाकाठ, मला एकच सांगा. 610 काय? रिपोर्टवर आकड्यापुढे एकक काय लिहिलंय, आणि शेजारच्या रकान्यात नॉर्मल मर्यादा किती दिली आहे? फोटो टाकलात तर उत्तम, नाव झाकून.

रानमेवा
नॅनोग्रॅम प्रति मिली असणार. दुसरं काय असणार?

एरंडाचं_गुऱ्हाळ
मी फायनल इयर एमबीबीएस. इथे पर्क नियम लावला तर डी-डायमरचीसुद्धा गरज नव्हती ना? ऑक्सिजन ठीक, पाय ठीक, रक्त पडलं नाही, ऑपरेशन नाही, हार्मोनच्या गोळ्या नाहीत.

नाडी_आणि_घड्याळ
पर्कमधली पहिलीच अट वय 50 पेक्षा कमी. आत्या तिथेच बाद. आठच्या आठ अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, त्यात सूट नाही. शिवाय नाडी 100 च्या आत हवी.

लीड्सवाली
मी यूकेत इमर्जन्सीत नर्स आहे. आमच्याकडे ट्रायाजलाच वेल्स स्कोर, म्हणजे गुठळीच्या शंकेचे गुण, भरून घेतात. 4 पेक्षा जास्त आला तर पेशंट थेट सीटीला, आणि सीटीला उशीर होणार असेल तर गुठळीविरोधी औषध आधीच चालू. 4 किंवा कमी असेल तर डी-डायमर, आणि त्याचा रिपोर्ट 4 तासांत मिळणार नसेल तर तोवर औषध. गंमत म्हणजे इतकं सगळं कागदावर असूनही रोज कोणीतरी आधी डी-डायमर काढून मोकळं होतं आणि मग आकडा बघून स्कोर 'बसवतं'. आकडा डोळ्यांसमोर असताना स्कोर प्रामाणिक राहत नाही हो.

एक विचारू? प्रवासाचे गुण कोणी धरले का? तिरुपती म्हणजे रात्रभर बस.

नाडी_आणि_घड्याळ
वेल्समध्ये प्रवासाला गुण नाहीत. तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळलेला, नाहीतर 4 आठवड्यांच्या आत ऑपरेशन, याला दीड आहे. बसमध्ये बसून राहणं त्यात येत नाही. डॉक्टरांच्या मनातली शंका प्रवासाने वाढू शकते, ते वेगळं.

रानमेवा
म्हणजे स्कोर दीडच. म्हणजे मी म्हणालो तेच.

कृष्णाकाठ
रिपोर्ट आता हातात आला, आतेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आकडा 610. पुढे नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि त्यापुढे बारीक अक्षरात 'डीडीयू'. नॉर्मल मर्यादेच्या रकान्यात '250 पर्यंत'. याने काही फरक पडतो का?

नाडी_आणि_घड्याळ
पडतो. आजच पडतो.

डी-डायमर दोन तऱ्हांनी मोजतात. काही किट एफईयू देतात, काही डीडीयू. त्याच रक्ताचा एफईयू आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. आपण ज्याला '500 ची मर्यादा' म्हणतो ती एफईयूची. डीडीयूमध्ये तीच मर्यादा 250 च्या आसपास. तुमच्या लॅबने 250 छापलंय ते म्हणूनच. वयाचा हिशोबही एफईयूवरच बसवलेला आहे. डीडीयू असेल तर 10 ऐवजी 5 ने गुणायचं. 67 गुणिले 5 म्हणजे 335. आत्याचा 610 त्याच्या बराच वर आहे.

उलट बाजूने बघा. 610 चे दुप्पट 1220. 670 शी तुलना करायची तर या आकड्याची करायला हवी होती. काही ठिकाणी 'इयर्स' नावाची पद्धत वापरतात, त्यात ठरलेल्या तीन मुद्द्यांपैकी एकही नसेल तर 1000 एफईयूपर्यंत सूट मिळते. त्या सवलतीतही हा बसत नाही. कुठल्याही फूटपट्टीने मोजलं तरी पुढची पायरी सीटीच येते.

हे दुप्पट वगैरे अंदाजे आहे, प्रत्येक किटचं थोडं निराळं असतं. म्हणून वयाच्या सूत्रापेक्षा आधी लॅबने स्वतः छापलेल्या मर्यादेकडे बघायचं.

तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांनी फोनवर नुसतं 'सहाशे दहा' ऐकलं. पूर्ण रिपोर्ट पाठवा, आत्ता, आणि फोन करून मर्यादा 250 आहे हे तोंडी सांगा. तोवर चक्कर आली, धाप बसल्या जागी वाढली, ऑक्सिजन उतरला तर उद्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आगाऊ
किलोचा भाव पौंडाला विचारला की असंच होणार.

शिरीषफूल
माझा अनुभव. मिस्टरांचा घोटा मोडला होता, गुडघ्याखाली प्लॅस्टर. तिसऱ्या आठवड्यात एकदम दम लागला, प्लॅस्टरच्या वरची मांडी टरटरून सुजलेली. मी डी-डायमर करा म्हणून मागे लागले होते (गूगलवर वाचून). डॉक्टर म्हणाले करून काय करू, कितीही आला तरी सीटी करणारच आहे. तेव्हा मला वाटलं पैसे काढतायत. सीटीत दोन्ही बाजूंना गुठळ्या. इंजेक्शन तर त्यांनी सीटीच्या आधीच दिलं होतं.

नाडी_आणि_घड्याळ
शिरीषफूल, तुमच्या मिस्टरांचा स्कोर त्या पायानेच जवळजवळ भरला होता. सुजलेल्या, दुखऱ्या पायाला वेल्समध्ये 3 गुण, प्लॅस्टरमुळे अंथरुणाला खिळून पडण्याला दीड. झाला साडेचार. नाडी न मोजताच 4 च्या वर.

काळंपांढरं
मी रेडिओलॉजिस्ट. सीटी ठरलाच तर एक गोष्ट चिठ्ठीवर नीट लिहून घ्या, सीटी पल्मनरी अँजिओग्राफी. आमच्याकडे अशा पेशंटच्या हातात बऱ्याचदा 'एचआरसीटी चेस्ट' लिहिलेली चिठ्ठी असते, कोविडनंतर ती सवयच पडलीय. एचआरसीटीत रंगाचं इंजेक्शन नसतं. रंग नाही म्हणजे रक्तवाहिनी आणि तिच्यातली गुठळी दोन्ही एकाच करड्या रंगाच्या दिसतात. फुफ्फुस सुंदर दिसतं, गुठळी दिसत नाही, आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचून पेशंट घरी जातो.

साधा कॉन्ट्रास्ट सीटीही पुरत नाही. रंग शिरेतून हृदयात आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत पोचतो तो क्षण पकडावा लागतो. मशीन धमनीवर लक्ष ठेवून असतं, ती उजळली की स्कॅन सुटतो. काही सेकंद उशीर झाला की रंग पुढे निघून जातो. म्हणून कोपरापाशी चांगली जाड सुई लागते. मनगटावर बारीक सुई लावून आलेल्या पेशंटला आम्ही पुन्हा टोचतो, मग नातेवाईक चिडतात.

मधुमेह आहे म्हणालात, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. आत्यांना सांगा, रंग जाताना अंगात गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही. आधी सांगितलं की घाबरून श्वास सोडत नाहीत, आणि श्वास हलला की खालच्या भागातल्या बारीक वाहिन्या पुसट होतात.

एरंडाचं_गुऱ्हाळ
ईसीजीत एसवन-क्यूथ्री-टीथ्री होतं का? ते नसेल तर शंका कमी होते ना?

नाडी_आणि_घड्याळ
नाही होत. परीक्षेत विचारतात म्हणून पाठ असतं. गुठळीच्या बहुतेक पेशंटांत ते नसतं, आणि दुसऱ्या कारणांनीही दिसतं. ईसीजीत सगळ्यात जास्त वेळा काय सापडतं तर जलद नाडी.

नाडीवरून आठवलं. कृष्णाकाठ, आत्यांची नाडी किती होती आणि कधी मोजली?

कृष्णाकाठ
104. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गेल्या गेल्या कंपाउंडरने बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन 95 होता. नंतर ईसीजीच्या वेळी आडवी झाल्यावर 96, असं कागदावर दिसतंय.

रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "अहो हा डीडीयू आहे, हे मला आधी का नाही सांगितलंत?" उद्या सकाळी मिरजेला सीटी, चिठ्ठीवर पल्मनरी अँजिओग्राफीच लिहिलंय. रात्रीसाठी पोटात टोचायचं एक इंजेक्शन दिलं.

नाडी_आणि_घड्याळ
छान. आता बघा, तो दीड गुण सगळा नाडीचा होता. 104 धरली तर दीड, 96 धरली तर शून्य. दोन्ही 4 च्या आत, म्हणून या वेळी बिघडलं नाही. पण वेल्समध्ये आणखी एक कलम आहे, 'दुसऱ्या कुठल्याही निदानापेक्षा गुठळीचीच शक्यता जास्त वाटते का?' याला 3 गुण. पूर्ण स्कोर साडेबाराचा, त्यातले 3 एकट्या डॉक्टरच्या मताचे. तुमच्या डॉक्टरांनी इथे 'नाही' म्हटलंय, म्हणून दीड. मी असतो तर कदाचित 'हो' म्हटलं असतं. 67 वय, श्वासाबरोबर दुखणं, धाप, एक्स-रे स्वच्छ, ताप नाही, लांबचा प्रवास. मग जिना चढून आलेल्या नाडीने साडेचार आणि थेट सीटी. आडव्या नाडीने 3 आणि डी-डायमर.

रानमेवा
म्हणजे एकाच बाईला, एकाच दिवशी, डॉक्टर आणि जिन्यानुसार चार स्कोर? याला शास्त्र म्हणायचं?

काळंपांढरं
रानमेवा, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. ते 3 गुण मला कधीच आवडले नाहीत. त्याऐवजी जिनिव्हा स्कोर घ्या, त्यात डॉक्टरच्या मताला जागाच नाही. वय, नाडी, जुनी गुठळी, ऑपरेशन, कर्करोग, पायाची तपासणी, थुंकीतून रक्त, सगळं मोजण्यासारखं.

नाडी_आणि_घड्याळ
मला ते गुण हवेत. अनुभवी डॉक्टरला पेशंट बघून जे वाटतं ते कुठल्या रकान्यात बसत नाही म्हणून फेकून द्यायचं का? जिनिव्हात नाडीचे गुण तर आणखी जास्त आहेत, जिना तिथेही आडवा येऊ शकतो. पेशंटला पाच मिनिटं बसवून नाडी मोजणं हाच त्यावर उपाय.

लीड्सवाली
आमच्याकडे हा वाद दर सहा महिन्यांनी, नवीन रेसिडेंट आले की होतो. चालू द्या. :)

मधुमालती
मग कोविडमध्ये रोज कशाला करायचे? माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर देईल का?

नाडी_आणि_घड्याळ
मधुमालतीताई, तिथे आजार किती जोरात आहे याचा अंदाज घ्यायला करत होते. गुठळी आहे की नाही हे ठरवायला त्या अवस्थेत तो फारसा कामाचा नव्हता, कारण जवळजवळ सगळ्यांचाच वाढलेला. रोज करायची गरज होती का, यावर मी इथे बोललो तर धाग्याची वाट लागेल.

कृष्णाकाठ
अपडेट. सीटी झाला. फुफ्फुसाच्या धमन्यांमध्ये गुठळी नाही. उजव्या बाजूला खाली, पार मागे, छोटा न्यूमोनियाचा पट्टा आणि त्याला लागून थोडंसं पाणी. डॉक्टर म्हणाले हा भाग समोरून काढलेल्या एक्स-रेत पोटाच्या पडद्याआड लपतो. आणि मधुमेह असलेल्या वयस्क माणसाला ताप यायलाच हवा असं काही नाही. इंजेक्शन बंद, अँटिबायोटिक सुरू.

रानमेवा
घ्या! गुठळी नव्हतीच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. हजारो रुपये, रंगाचं इंजेक्शन आणि किरणं, सगळं कशासाठी?

नाडी_आणि_घड्याळ
तुमचं उत्तर जुळलं, गणित नाही. 610 डीडीयूवर 'नाही' म्हणायचा आधार कोणाकडेच नव्हता. स्कोर कमी आणि डी-डायमर जास्त अशा पेशंटांत बहुतेक सीटी स्वच्छच निघतात, ते माहीत असूनच करतो. आणि हा सीटी झाला नसता तर न्यूमोनिया कोणाला दिसला असता? दुखण्याच्या गोळीवर आठवडा गेला असता.

शिरीषफूल
रिपोर्टमध्ये पट्टा म्हणजे नक्की न्यूमोनियाच? मिस्टरांच्या वेळी गुठळीमुळे फुफ्फुसाचा तुकडा मेला होता, तोही असाच कडेला पट्ट्यासारखा दिसत होता म्हणाले होते.

काळंपांढरं
चांगला प्रश्न. दोन्ही कडेला, फुफ्फुसाच्या आवरणाला चिकटून असतात, आणि दोन्हींत थोडं पाणी होऊ शकतं. तिथे मी त्या भागाकडे जाणारी धमनी शेवटपर्यंत माग काढत जातो. ती रंगाने पूर्ण भरलेली असेल आणि पट्ट्याच्या आत हवेच्या नळ्या उघड्या दिसत असतील तर न्यूमोनियाकडे कल. शेवटच्या बारीक फांद्यांत मात्र चांगला सीटीसुद्धा शंभर टक्के बोलत नाही. आत्यांचा स्कॅन मी पाहिलेला नाही. कृष्णाकाठ, रिपोर्टमध्ये स्कॅनच्या दर्जाबद्दल, श्वास हलल्याबद्दल काही लिहिलंय का ते बघा. अँटिबायोटिकवर तीन-चार दिवसांत दुखणं कमी झालं नाही तर चित्रं पुन्हा कोणालातरी दाखवा.

कृष्णाकाठ
'दर्जा समाधानकारक, सबसेगमेंटल शाखा खालच्या भागात मर्यादित' असं एक वाक्य आहे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले पायांची सोनोग्राफी करून घेऊ, दोन्ही पायांत काही नसेल तर मी निर्धास्त. ती उद्या आहे.

बाबूराव_कोथरूड
सगळा धागा वाचला. माझ्या कंपनीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये डी-डायमर होता, 0.58 आलाय आणि लाल. वय 44. मला काहीच होत नाही. सीटी करू का?

नाडी_आणि_घड्याळ
एकक?

बाबूराव_कोथरूड
मायक्रोग्रॅम प्रति मिली, एफईयू. मर्यादा 0.50. हो, बघितलं. :)

नाडी_आणि_घड्याळ
म्हणजे 580. दम नाही, दुखणं नाही, पाय सुजला नाही, तर स्कोर कशाचा काढायचा? शंकाच नाही तिथे ही टेस्ट करायची नसते, आणि केलेली असली तरी तिच्यामागे सीटीला जायचं नसतं. ती पॅकेजात कोणी घातली ते एचआरला विचारा.

काळंपांढरं
आणि हा लाल आकडा घेऊन माझ्याकडे 'एचआरसीटी' लिहून येऊ नका.

आगाऊ
बाबूराव, एचआर आणि एचआरसीटी, दोन्हींपासून लांब राहा.

कृष्णाकाठ
पायांची सोनोग्राफी झाली. मांडीपासून पोटरीपर्यंत शिरा दाबल्या की दबतात, गुठळी नाही. आत्याचं दुखणं आज थोडं कमी आहे. लॅबला फोन करून विचारलं की फोनवर आकडा सांगताना मर्यादा का सांगत नाही. ते म्हणाले, "कोणी विचारत नाही."